पोटरीतला गोळा आणि जास्तीचं पाणी

पहिला गोळा आला तो रात्री पावणेतीनला. झोपेतच पाय लांब करून आळस दिला आणि डाव्या पोटरीत आतून कुणी तरी मूठ आवळतंय असं झालं. ओरडतच उठून बसले. दिवा लावला तर पोटरीचा आतल्या बाजूचा भाग उंचवटा होऊन वर आला होता, हाताला दगडासारखा कडक लागत होता. चवडा आपोआप खाली ओढला गेला होता आणि बोटं तळव्याकडे वळली होती. ह्यांनी धावत येऊन पाय चोळायला घेतला. "पाय सरळ ताण, ताण," म्हणाले. मी ताणला, म्हणजे चवडा पुढे रेटला, तर कळ दुपटीने वाढली. तीन-चार मिनिटांनी ते सगळं आपोआप सैल पडलं. सकाळी उठले तेव्हा पोटरी मार बसल्यासारखी दुखत होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही जिना उतरताना मी कठडा धरून उतरत होते.

मी एकोणसाठ वर्षांची आहे. रक्तदाबाच्या गोळ्या आठ वर्षांपासून घेते, बाकी तब्येत बरी. शिरेवर शीर चढली असेल, एकदा होतं, असं समजून सोडून दिलं. पण चौथ्या रात्री पुन्हा तेच, आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. गोळ्याच्या दुखण्यापेक्षा त्याची धास्ती जास्त झाली. झोपताना पाय हलवायचीच भीती वाटायला लागली, कूस बदलायची तरी जपून.

ज्याला सांगावं तो एकच उपाय सांगायचा: पाणी कमी पडतंय, पाणी वाढव. मलाही ते पटलं, कारण दिवसभर कामात पाणी प्यायचं राहून जातं हे खरंच होतं. मी भरपूर प्यायला लागले. आधी दिवसाला दोन लिटरच्या आसपास जायचं, ते चारवर नेलं. झोपण्यापूर्वी दोन पेले, रात्री जाग आली की आणखी एक. गोळे तसेच राहिले. वर रात्री दोनदा लघवीला उठावं लागायचं, म्हणजे जी झोप गोळ्यांमधून उरायची तीही मोडायला लागली. तिसऱ्या आठवड्यात डोकं जड राहायला लागलं आणि सकाळी मळमळल्यासारखं व्हायचं. त्याचा पाण्याशी संबंध असेल असं मनातही आलं नाही. उलट, अजून कमी पडत असेल म्हणून मी आणखी प्यायले.

धाकट्या बहिणीने मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचवल्या. तिला त्यांनी बरं वाटलं होतं. मी तीन आठवडे घेतल्या. पोट तेवढं सैल झालं, बाकी काही फरक नाही. नंतर डॉक्टरांकडून कळलं की हे माझ्यापुरतं नव्हतं. मॅग्नेशियमवरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासून २०२० साली जो कॉक्रेन आढावा निघाला, त्याचा निष्कर्ष असा की उतारवयातल्या लोकांच्या पेटक्यांना मॅग्नेशियमने लक्षात येण्याइतका फायदा होण्याची शक्यता कमी आहे. गरोदरपणातल्या पेटक्यांबद्दल मात्र अभ्यासांचं एकमत नाही. बहिणीला बरं वाटलं ते खोटं नाही, पण हे गोळे मुळातच येऊन-जाऊन असतात. चार वाईट आठवड्यांनंतर दोन चांगले आठवडे आपोआप येतात आणि त्या वेळी जे काही घेत असू त्याला श्रेय जातं.

याच सुमारास मी उशाशी वही ठेवली. फार काही नाही, रोज एक ओळ. गोळा आला का, किती वाजता, कोणत्या पायात, साधारण किती वेळ, आणि आदल्या दिवशी काय वेगळं झालं. चार आठवड्यांत अकरा रात्री झाल्या. सगळे पहाटे चारच्या आत, अकरापैकी नऊ डाव्या पोटरीत, एक उजव्या, एक तळव्यात. दिवसा एकही नाही. जास्त उभं राहण्याच्या दिवसांनंतर दोन रात्री ओळीने आले होते, पण इतर वेळी असा काही धागा दिसत नव्हता. ती वही घेऊनच डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी ती शांतपणे शेवटपर्यंत वाचली. मग पहिला प्रश्न विचारला, "पहिला गोळा आला त्याच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत एखादं औषध बदललं का?"

बदललं होतं. रक्तदाब नीट खाली येत नव्हता म्हणून एका दुसऱ्या ठिकाणी जुन्या गोळीच्या जागी नवी गोळी दिली होती. तिच्यात दोन औषधं एकत्र होती. पहिल्या गोळ्याच्या साधारण पाच आठवडे आधीची ही गोष्ट. माझ्या डोक्यात ती कधीच आली नाही, कारण गोळी रक्तदाबाची होती आणि दुखत होती पोटरी. डॉक्टरबाईंनी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं आणि दुसऱ्या औषधावर बोट ठेवलं: क्लोरथॅलिडोन. लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये रात्रीचे पेटके जास्त आढळतात. दम्यासाठी रोज ओढायच्या, श्वासनलिका बराच वेळ मोकळ्या ठेवणाऱ्या काही औषधांचाही असाच संबंध दिसतो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण रात्रीच्या पेटक्यांशी त्यांचा संबंध त्या मानाने सैल आहे. स्टॅटिन घेणाऱ्याला दिवसाही स्नायू दुखणं, हातापायातली ताकद कमी वाटणं किंवा लघवी गडद होणं असं काही असेल तर मात्र लगेच सांगायला हवं, तो वेगळा विषय आहे.

त्यांनी मग तपासायला सुरुवात केली, आणि हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला, कारण प्रत्येक गोष्ट कशासाठी ते त्या सांगत होत्या. आधी टेप घेऊन दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला, गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा असतो त्याच्या दहा सेंटिमीटर खाली. माझे दोन्ही आकडे सारखे आले. एक पाय तीन सेंटिमीटरहून जास्त जाड निघाला असता, गरम आणि लालसर असता, दाबल्यावर दुखणारा असता तर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली नाही ना हे त्याच दिवशी सोनोग्राफीने पाहावं लागलं असतं. "गोळा येतो आणि जातो," त्या म्हणाल्या. "मागे दुखरेपणा ठेवतो, पण सूज ठेवत नाही. सूज आणि दुखणं वाढतच गेलं तर थांबायचं नाही, आणि सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय." त्या आधी दोन दिवस पोटरी दुखत होती तेव्हा मलाही हीच शंका आली होती, पण कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं.

मग पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बघितली. चालताना पोटरी दुखते का, थांबलं की थांबते का, हे विचारलं. चालण्याने दुखणं आणि थांबल्याने दोन-चार मिनिटांत जाणं हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. त्या रोगात पुढे रात्री झोपल्यावरही पाऊल दुखतं, पण ते पलंगावरून खाली लोंबकळत सोडलं की बरं वाटतं. गोळा असा जात नाही. त्यानंतर घोट्यावर आणि अंगठ्याच्या हाडावर कंप पावणारा धातूचा काटा टेकवला आणि कंप कधी थांबतो ते सांगायला लावलं. मधुमेहात किंवा इतर कारणांनी पायाच्या नसा बिघडल्या असतील तर तो कंप कळत नाही आणि अशा नसाही पेटके आणतात. टाचांवर चालून दाखवा, चवड्यांवर चालून दाखवा. पायाची ताकद कमी झाली आहे का, स्नायू झडले आहेत का, कातडीखाली किडा वळवळल्यासारखे स्नायू फडफडतात का, गोळे हातात किंवा पोटातही येतात का, हे विचारलं. यातल्या कशालाही हो उत्तर असेल तर मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडे पाठवणं भाग असतं.

शेवटी एक प्रश्न असा होता की मला आधी तो वेगळाच वाटला. "झोपताना पाय हलवत राहावेसे वाटतात का? नुसतं पडून राहवत नाही असं?" नाही म्हटलं. तसं वाटणं हा वेगळाच रोग असतो. त्यात स्नायू आवळून कडक होत नाही, पायात अस्वस्थता दाटते आणि हालचाल केली की ती निवते. तिथे शरीरातलं लोह तपासायचं असतं. बरेच जण दोन्हींना एकच नाव देतात आणि मग उपाय चुकतो.

रक्ताच्या तपासण्या दिल्या: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, साखर आणि थायरॉइड. त्या देतानाच म्हणाल्या, की रात्री गोळे येणाऱ्या बहुतेकांचे सगळे अहवाल ठीक निघतात, आणि तपासणीत काही विशेष नसेल तर त्या प्रत्येकाला हे सगळं करायला लावत नाहीत. माझ्या बाबतीत ही गोळी होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा स्वतःचा फोन आला. पोटॅशियम ठीक, मूत्रपिंड ठीक, थायरॉइड ठीक. सोडियम १३१. ते १३५ ते १४५ असायला हवं. "तुम्ही पाणी किती पिता?" मी अभिमानाने चार लिटर सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि मग नीट समजावलं. ही गोळी लघवीतून मीठ बाहेर काढते, आणि जोडीला मूत्रपिंडाची पातळ लघवी करून जास्तीचं पाणी बाहेर टाकायची ताकदही कमी करते. अशा वेळी वरून पाणी ओतत राहिलं तर ते अंगात साठतं आणि रक्तातलं मीठ पातळ होत जातं. उतारवयातल्या बायकांमध्ये हे जास्त होतं. डोकं जड राहणं आणि मळमळ त्याचीच. सोडियम आणखी खाली गेलं असतं तर गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं, झटके येणं इथपर्यंत मजल गेली असती. जे मी बरं होण्यासाठी करत होते त्यानेच मी आजारी पडत होते. हे ऐकून मी बराच वेळ फोन हातात धरून तशीच बसले होते.

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. नवी गोळी बंद आणि तिच्या जागी दुसऱ्या जातीची, तीही त्यांनी लिहून दिलेली. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही, हे दोनदा बजावलं, कारण मी विचारात होते ते त्यांच्या लक्षात आलं असावं. पाणी पुन्हा तहानेप्रमाणे, दिवसाउजेडी जास्त, झोपण्याआधीच्या दोन तासांत जेमतेम घोटभर. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे असं धरून चालायचं. दहा दिवसांनी पुन्हा सोडियम.

पाण्याचा उपाय मग खोटाच का? तसं नाही. जुलाब, उलट्या झाल्या असतील, कडक उन्हात घाम गाळून काम केलं असेल, तर शरीरातून पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं आणि तेव्हा येणाऱ्या पेटक्यांना दोन्ही भरून काढावं लागतं. त्यासाठी ओआरएस आहे, नुसतं पाणी नव्हे. पण घरात बसून, पुरेसं पिऊन झोपणाऱ्या माणसाला रात्री गोळा येतो तो पाण्याअभावी येतो याला फारसा आधार नाही. आणि ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे त्यांच्या पाण्याचं माप तर डॉक्टरांनीच ठरवलेलं असतं.

मग तो येतो कशाने? झोपेत पाऊल आपोआप खाली झुकतं, चवडा पुढे जातो. जड पांघरूण असेल किंवा पालथं झोपत असू तर आणखीच. त्या स्थितीत पोटरीचा स्नायू आधीच आखडून आखूड झालेला असतो. त्याला पुरवठा करणाऱ्या नसेच्या टोकाकडून उगाचच संदेशांचा मारा सुरू झाला की तो आणखी आवळतो, आणि उलट बाजूने ताण नसल्यामुळे त्याला आवर घालणारं काही उरत नाही. पक्कं कारण अजून सिद्ध झालेलं नाही, पण इतकं कळल्यावर पहिल्या रात्री माझं काय चुकलं ते लख्ख दिसलं. चवडा पुढे रेटणं म्हणजे आखडलेल्या स्नायूला आणखी आखडू देणं. करायचं असतं ते उलटं: गुडघा सरळ ठेवून चवडा आणि बोटं स्वतःच्या नडगीकडे ओढायची. हात पोचत नसेल तर चवड्यामागून टॉवेल घालून दोन्ही टोकं आपल्याकडे खेचायची. किंवा आधार धरून उभं राहायचं आणि टाच जमिनीवर दाबायची. माझा उशापाशी टॉवेल आजही असतो. कळ कमी होईपर्यंत ताण सोडायचा नाही. ती गेल्यावरच हलक्या हाताने चोळायचं, शेक द्यायचा.

रोज रात्री झोपण्याआधीचा ताणही त्यांनी स्वतः करून दाखवला. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे भिंतीला. एक पाय मागे, त्याचा गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, बोटं थेट भिंतीकडे. पुढचा गुडघा वाकवत अंग भिंतीकडे न्यायचं, मागच्या पोटरीत ओढ जाणवेपर्यंत. दहा सेकंद तसंच, दहा सेकंद विसावा, असं तीनदा, मग दुसरा पाय. मी घरी आठवडाभर केलं आणि ओढ काही जाणवेना. ह्यांनी मागे उभं राहून पाहिलं तर माझं मागचं पाऊल बाहेरच्या बाजूला फाकत होतं आणि टाच बोटभर उचलली जात होती. पाऊल सरळ केल्याबरोबर पोटरी वरपासून खालपर्यंत ताणली गेली. हिसके द्यायचे नाहीत, दुखेपर्यंत जायचं नाही. नंतर पलंगाच्या कडेवर एक पाय लांब पसरून, पाठ ताठ ठेवून पुढे वाकायचं, म्हणजे मांडीची मागची बाजूही सैल होते.

याने होतंच असं त्या म्हणाल्या नाहीत. २००५ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात पोटरीच्या ताणाने फरक पडला नव्हता. २०१२ साली नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या लोकांवर झालेल्या अभ्यासात, रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणणाऱ्यांचे गोळे सहा आठवड्यांत कमी झाले. खर्च नाही, अपाय नाही, म्हणून सहा आठवडे करून पाहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. क्विनिनबद्दल मीच विचारलं, कारण पूर्वी ओळखीतल्या एकांना ते दिलेलं मला आठवत होतं. त्यांनी साफ नकार दिला. क्विनिनने गोळे थोडे कमी होतात हे खरं, पण त्याने क्वचित रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायक पातळीपर्यंत उतरतात, हृदयाची लय बिघडते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००६ सालीच पायांच्या पेटक्यांसाठी ते वापरू नये असा इशारा दिला होता.

दहा दिवसांनी सोडियम १३६ आलं. डोक्याचा जडपणा त्याच्या आधीच गेला होता. वहीत गोळी बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दोन नोंदी आहेत, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात शून्य, चौथ्यात एक. गोळी बदलली, पाणी कमी केलं आणि ताण सुरू केला, हे तिन्ही एकाच आठवड्यात झालं, त्यामुळे गुण कशाचा ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरबाईंचा कल गोळीकडे आहे. माझा अर्धा जीव ताणावर आहे, कारण मध्ये पाहुणे होते तेव्हा पाच रात्री तो राहून गेला आणि पाचव्या रात्री गोळा आला.

गेल्या महिन्यात पहाटे कूस बदलताना पोटरीत ती ओळखीची कुरकुर सुरू झाली, गोळा बांधायच्या बेतात होता. डोळे मिटलेलेच होते. मी चवडा नडगीकडे ओढून धरला, मनात वीसपर्यंत मोजलं, आणि स्नायू तिथेच सैल पडला. ह्यांना जागही आली नाही.